वाकड्या चौकोनांची फरशी

चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश का, हे पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी दाखवता येते. त्यासाठी चारही बाजू असमान असलेला चौकोन घ्यावा. चौरसाने काहीच उलगडत नाही. एकाच साच्यावरून दहा-बारा तुकडे कापावेत आणि प्रत्येकाचे चार कोन चार ठरावीक रंगांनी रंगवावेत, रंगीत बाजू वर ठेवून.

एक तुकडा ठेवला की दुसरा अर्धा फेरा फिरवून समान बाजूला बाजू जुळवावी. असेच पुढे लावत गेल्यास प्रत्येक बिंदूभोवती चारही रंग एकेकदा येतात आणि फट उरत नाही. बिंदूभोवतीचा पूर्ण कोन ३६० अंशांचा, म्हणून बेरीजही तेवढीच. मुले अनेकदा तुकडा पालथा करतात. मग फटी पडतात, एखादा रंग दोनदा येतो आणि चूक लगेच दिसते.

मात्र कात्रीच्या कामात एखाद्या अंशाची फट लपते. त्यामुळे खात्रीसाठी कर्ण काढावा: दोन त्रिकोण होतात, प्रत्येकी १८० अंशांचे.

सुसम पंचकोनाचे तुकडे मात्र जुळत नाहीत. त्याचा कोन १०८ अंशांचा. तीन मिळून ३२४, उरलेल्या ३६ अंशांत चौथा मावत नाही.