भागाकार न करता उत्तर

७/४० आणि ७/३०. भागाकार न करताच सांगता येतं, की पहिल्याचं दशांश रूप संपेल, दुसऱ्याचं संपणार नाही.

दशांश रूप संपतं, तेव्हा छेदात १०, १०० किंवा १००० अशी संख्या असते आणि तिचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतात. ४० म्हणजे २×२×२×५. इथे २ तीनदा आहे, ५ एकदाच. अंश-छेदाला २५ने गुणलं की १७५/१०००, म्हणजे ०.१७५. ३०मध्ये मात्र ३ आहे. कशानेही गुणा, तो जात नाही, म्हणून ०.२३३३...

फसगत होते ती ६/७५मध्ये. ७५मध्येही ३ आहे, पण अंशातल्या ६मुळे तो कटतो आणि उरतो २/२५, म्हणजे ०.०८. म्हणून आधी संक्षिप्त रूप द्या, मगच छेदाचे अवयव पाडा.