दोन प्रीपेड प्लॅनची तुलना: दिवसाचा खर्च आणि डेटाचा खर्च

समजा, तुम्ही बसवनगुडीत खोली घेऊन राहता, फोन ४जी आहे आणि पुढील १२ आठवड्यांचा रिचार्ज करायचा आहे. जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या जिओच्या दरांतील दोन प्लॅन उदाहरणासाठी घेऊ.

प्लॅन अ: ३४९ रुपये, वैधता २८ दिवस, रोज २ जीबी.
प्लॅन ब: ७९९ रुपये, वैधता ८४ दिवस, रोज १.५ जीबी.

प्रथम किमतीला वैधतेच्या दिवसांनी भागा. अ चा दिवसाचा खर्च ३४९ ÷ २८ = १२.४६ रुपये, तर ब चा ७९९ ÷ ८४ = ९.५१ रुपये येतो. येथे ब स्वस्त आहे.

आता किमतीला एकूण डेटाने भागा. अ मध्ये २८ × २ = ५६ जीबी मिळतात, म्हणजे जीबीला ६.२३ रुपये. ब मध्ये ८४ × १.५ = १२६ जीबी मिळतात, म्हणजे जीबीला ६.३४ रुपये. येथे अ किंचित स्वस्त ठरतो. मग खरे उत्तर कोणते?

दुसऱ्या भागाकारात आपण मिळालेला डेटा मोजला, वापरलेला नाही. रोजचा उरलेला डेटा मध्यरात्री संपतो, दुसऱ्या दिवशी जमा होत नाही. तुम्ही रोज १ जीबीच वापरत असाल, तर तुमच्यासाठी जीबीचा दर दिवसाच्या खर्चाइतकाच होतो: अ मध्ये १२.४६ आणि ब मध्ये ९.५१ रुपये.

म्हणून दोन्ही प्लॅन समान कालावधीवर आणा. ८४ दिवसांसाठी अ तीनदा घ्यावा लागतो, म्हणजे १०४७ रुपये. ब पेक्षा २४८ रुपये जास्त. हे पैसे रोजच्या जादा अर्ध्या जीबीचे आहेत. ज्या दिवशी वापर १.५ जीबीच्या पुढे जातो, त्याच दिवशी तो अर्धा जीबी उपयोगी पडतो.

ब घेऊन अशा प्रत्येक दिवशी १९ रुपयांचे १ जीबीचे टॉप-अप केले, तर २४८ ÷ १९ म्हणजे साधारण १३ टॉप-अप होतात. ८४ दिवसांत मर्यादा ओलांडणारे दिवस १३ पर्यंत असतील तर ब घ्या. त्याहून जास्त असतील तर अ.

हे दिवस मोजण्यासाठी फोनच्या सेटिंगमधील मोबाइल डेटाचा रोजचा वापर दोन आठवडे लिहून ठेवा. वाय-फायचा वापर धरू नका. केवळ सरासरी काढू नका. पाच दिवस १ जीबी आणि दोन दिवस २ जीबी वापरल्यास सरासरी सुमारे १.३ येते, पण आठवड्यातून दोनदा मर्यादा ओलांडलेली असते. १२ आठवड्यांत असे २४ दिवस होतात, म्हणून येथे अ योग्य.

एक मर्यादा लक्षात ठेवा. फोन ५जी असेल तर हे गणित लागू होत नाही, कारण त्या दरपत्रकात रोज २ जीबी किंवा अधिक देणाऱ्या प्लॅनवर ५जी डेटा अमर्याद होता. दर बदलले तरी रीत हीच. फक्त आजचे आकडे घाला.