ट्रान्सलेशन इअरबड्स तुमच्या मराठीला हिंदी समजतायत? जोडणीपासून भाषेच्या निवडीपर्यंत काय तपासायचं?

समजा, साताऱ्याचं एक कुटुंब वडिलांच्या उपचारासाठी वेल्लोरला गेलंय. वॉर्डातल्या सिस्टर तमिळ बोलतात आणि वडिलांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. मुलाने सोबत ट्रान्सलेशन इअरबड्स नेले आहेत. सिस्टर औषधांबद्दल विचारतात तेव्हा वडील सांगतात, "काल रात्री गोळी घेतली नाही."

वाक्य साधंच आहे, पण इअरबड्स चुकतात ते नेमकं अशा वाक्यात. ते का चुकतात आणि चूक कशी ओळखायची, हे याच वाक्यावरून समजून घेऊ.

गाणी वाजतात, पण अ‍ॅपला इअरबड्स दिसत नाहीत

ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार आहे. यामागचं कारण असं की, इअरबड्सची फोनशी दोन प्रकारे जोडणी होते. एक आवाजाची, जी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून होते. दुसरी अ‍ॅपची, ज्यातून अ‍ॅप इअरबड्सना सूचना देतं. पहिली झाली म्हणजे दुसरी झालीच असं नाही.

त्यामुळे आधी इअरबड्सच्या माहितीपत्रकात क्रम पाहा. काही कंपन्या आधी ब्लूटूथ सेटिंगमधून जोडायला सांगतात, तर काही थेट अ‍ॅपमधूनच. क्रम चुकला असेल तर ब्लूटूथच्या यादीतून जुनी नोंद `Forget` करा, इअरबड्स केसमध्ये ठेवून पुन्हा बाहेर काढा आणि योग्य क्रमाने जोडा. घरातल्या दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला ते आपोआप जोडले जात असतील, तर त्याचं ब्लूटूथ तेवढ्यापुरतं बंद ठेवा.

मग परवानग्या तपासा. अ‍ॅपला मायक्रोफोनची परवानगी हवीच. अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढचा फोन असेल तर `Nearby devices` ही परवानगीही लागते. त्याआधीच्या अँड्रॉइडवर ब्लूटूथ उपकरण शोधायला लोकेशनची परवानगी लागते. पहिल्यांदा घाईत ती नाकारली असेल, तर अ‍ॅप नुसतं शोधतच राहतं.

भाषांची जोडी कशी निवडायची?

विकत घेण्याआधीच एक गोष्ट तपासा: यादीत मराठी आहे का, आणि ती बोलण्यासाठी आहे का? काही अ‍ॅप्समध्ये एखादी भाषा फक्त लिहिलेल्या मजकुरापुरती असते. सगळ्याच इअरबड्समध्ये मराठी असेल असं धरून चालू नका. अ‍ॅपलने सप्टेंबर 2025 मध्ये एअरपॉड्सवर भाषांतराची सोय आणली, तेव्हा सुरुवातीच्या भाषा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज आणि स्पॅनिश या होत्या.

मराठी असेल, तर दोन्ही बाजूंच्या भाषा स्वतः निवडा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तमिळ. भाषा आपोआप ओळखण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा.

याचं कारण आपल्या भाषेतच आहे. आपोआप ओळखताना यंत्र सुरुवातीच्या थोड्याशा आवाजावरून भाषेचा अंदाज बांधतं. मराठी आणि हिंदीत कितीतरी शब्द सारखे किंवा जवळचे आहेत. त्यामुळे छोट्या वाक्यात अंदाज हिंदीकडे झुकू शकतो. मग आपल्या वाक्यातला 'काल' हा 'कल' म्हणून ऐकला जातो. हिंदीत 'कल' म्हणजे काल आणि उद्या, दोन्ही. पुढचं मराठी क्रियापद यंत्राला कळलं नाही, तर गोळी कुठल्या दिवसाची हे ठरवायला त्याच्याकडे आधारच उरत नाही.

चूक झाली हे ओळखायचं कसं?

इथे मराठी माणसाची आणखी एक अडचण होते. इंग्रजीला चुकून तमिळ समजलं गेलं, तर स्क्रीनवरची लिपीच बदलते आणि चूक लगेच दिसते. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्यामुळे ओझरतं पाहिलं तर सगळं ठीकच वाटतं.

म्हणून अ‍ॅपमध्ये तुमचं वाक्य लिहून आलेलं असतं, ते वाचा. सोपी खूण म्हणजे 'ळ'. प्रमाण हिंदीत हे अक्षर वापरत नाहीत. 'गोळी'च्या जागी 'गोली' आणि 'नाही'च्या जागी 'नहीं' दिसलं, की यंत्र हिंदी ऐकतंय असं समजा आणि भाषेची निवड पुन्हा तपासा.

तुमचं मराठी वाक्य बरोबर उमटलं असूनही समोरच्याला अर्थ कळत नसेल, तर ऐकणं बरोबर आहे आणि भाषांतर चुकतंय. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही. वाक्य सोपं करून पुन्हा बोला.

भाषा बरोबर, तरी अर्थ उलटा

मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो. वडील "काल रात्री गोळी घेतली" म्हणून क्षणभर थांबले, तर यंत्राला वाटतं वाक्य संपलं. ते तेवढंच भाषांतर करतं आणि सिस्टरना ऐकू जातं की गोळी घेतली. मागून आलेलं 'नाही' वेगळं वाक्य ठरतं.

यावर उपाय दोन आहेत. अ‍ॅपमध्ये बटण दाबून बोलायचा पर्याय असेल तर तो निवडा. मग वाक्य कधी संपलं हे तुम्ही ठरवता. नसेल, तर नकार आधी येईल असं बोला: "गोळी चुकली. काल रात्रीची." दोन छोटी वाक्यं, आणि मुख्य गोष्ट पहिल्यातच.

समोरच्याचा आवाज नीट येत नसेल तर

इअरबड्सचे माइक ते घालणाऱ्याचा आवाज टिपण्यासाठी बनवलेले असतात. आजूबाजूचा आवाज ते मुद्दाम कमी करतात. पलंगापलीकडे उभ्या असलेल्या सिस्टरही त्यांच्या दृष्टीने 'आजूबाजूचा आवाज'च. वॉर्डात पंखा, टीव्ही आणि शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक असतील, तर तमिळ वाक्य अर्धंच पोचतं.

अशा वेळी समोरच्यासाठी फोनचा माइक वापरायचा पर्याय निवडा आणि फोनची खालची बाजू, म्हणजे माइक, त्यांच्याकडे वळवून जवळ धरा. फोनच्या स्पीकरचा आवाज मात्र बेताचा ठेवा. तो मोठा असेल तर फोनने बोललेलं भाषांतर माइक पुन्हा ऐकतो आणि त्याचंच उलट भाषांतर सुरू होतं. कोणीच बोलत नसताना स्क्रीनवर वाक्यं उमटू लागली, तर ही त्याची खूण.

निघण्यापूर्वी घरी करायची चाचणी

"काल रात्री गोळी घेतली नाही" हे वाक्य घरातल्या वयस्कर माणसाला त्यांच्या नेहमीच्या लयीत बोलायला सांगा. एकदा शांत खोलीत, एकदा टीव्ही चालू ठेवून. स्क्रीनवर 'काल', 'ळ' आणि 'नाही' तिन्ही एकाच वाक्यात आले, तर जोडणी, भाषा आणि ऐकणं ठीक आहे. नंतर मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करून तेच बोला. भाषांतर थांबलं, तर तुमचे इअरबड्स इंटरनेटवर चालतात. अ‍ॅपमध्ये मराठीचं ऑफलाइन पॅक मिळतंय का ते पाहा.

एवढं करूनही औषधाचं प्रमाण आणि वेळ कागदावर अंकांत लिहून घ्या. आणि शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करायची असेल, तर दोन्ही भाषा जाणणारा माणूस रुग्णालयाकडे मागा. तिथे इअरबड्सवर विसंबू नका.