घरभर एकच रेघ

हॉलची फरशी स्वयंपाकघरापेक्षा बोटभर वर निघाली, तर दारात कायमची ठेच लागते. म्हणून फरशीला हात घालण्याआधी सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारून घ्यावी. गवंडी त्यासाठी दहा-पंधरा मीटर लांबीची पारदर्शक नळी वापरतात. दोन्ही टोके उघडी असली की नळीतले पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर थांबते, मग मध्ये भिंत असो की वळण.

खरी काळजी नळी भरतानाच घ्यायची. बादली उंचावर ठेवून एक टोक पाण्यात बुडवावे, दुसरे खाली धरून पाणी ओढून घ्यावे आणि हवा पूर्ण निघेपर्यंत वाहू द्यावे. उभ्या भागात दोन सेंटिमीटरचा बुडबुडा नळीभर अडकला, तर त्या बाजूचे पाणी जवळपास तेवढेच वर दिसते. उन्हाचाही असाच घोळ होतो. एका बाजूचे पाणी २५ अंशांवर आणि दुसरीकडचे तापून ४५ वर असेल, तर मीटरभर उभ्या नळीत सुमारे सात मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून भरलेली नळी सावलीत ठेवावी आणि दोन्ही टोके शेजारी धरून पाणी जुळते का ते आधी पाहावे.

आता हॉलच्या भिंतीवर कंबरेच्या उंचीवर एक खूण करा. एकाने तिथे टोक धरायचे, दुसऱ्याने पुढच्या खोलीत जायचे. चालताना टोके अंगठ्याने बंद, खूण करताना उघडी. पाणी हलायचे थांबले आणि पहिल्या खुणेशी बरोबर जुळले, की दुसऱ्याने पाण्याच्या तळरेषेवर खूण करायची. वाटेत पाणी सांडले तरी बिघडत नाही, पण पहिल्या खुणेशी पुन्हा जुळवणे विसरलात तर पुढच्या सगळ्या खुणा खाली जातात. खुणेवरून खूण काढत जाण्यापेक्षा दर वेळी पहिल्याच खुणेवरून माप घेणे मला जास्त भरवशाचे वाटते, कारण बारीक चुका साठत नाहीत.

खुणा सुताने जोडल्या की रेघेपासून खाली स्लॅबपर्यंत जागोजागी मोजा. समजा, हॉलमध्ये सर्वांत कमी माप १०४ सेंटिमीटर आले, स्वयंपाकघरात १०३ आणि झोपण्याच्या खोलीत १०६. कमी माप म्हणजे उंच स्लॅब. इथे तो स्वयंपाकघरात आहे. तिथे तीन सेंटिमीटर माल आणि एक सेंटिमीटरची टाइल धरली, तर फरशीचा माथा रेघेखाली ९९ सेंटिमीटरवर येतो. हाच आकडा घरभर चालतो. झोपण्याच्या खोलीत मग टाइलखाली सहा सेंटिमीटर माल लागेल, तेव्हा वाळू-सिमेंटचा हिशेब त्याप्रमाणे धरावा. मुख्य दार या उंचीवर उघडते का, तेही आत्ताच पाहावे. न्हाणीघर मात्र या हिशेबातून वगळायचे. तिथली फरशी मुद्दाम थोडी खाली ठेवतात आणि उतार जाळीकडे देतात. पण किती खाली, हे मोजायचे याच रेघेवरून.