तराजू खरा, वजन खोटं

“मावशी, किलोला कांदा कमी भरतो,” गिऱ्हाईक अडून बसलं. वैधमापन निरीक्षकाने रिकामी पारडी पाहिली, दांडी सरळ.

मग एका पारड्यात मावशींचं किलोचं वजन, दुसऱ्यात स्वतःचं प्रमाणित वजन ठेवलं. प्रमाणित वजनाची बाजू खाली गेली. त्याने वजनांची अदलाबदल केली. तरी प्रमाणित वजनच खाली. दांडीत खोट असती, तर दोन्ही वेळा तीच बाजू झुकली असती.

मावशींच्या वजनाशेजारी वीस आणि दहा ग्रॅम टाकल्यावर दांडी सरळ झाली. तूट तीस ग्रॅमची!

वजन उलटं केलं, तर बुडाच्या खाचेतलं शिसं गळालेलं. त्याच शिशावर पडताळणीचा शिक्का असतो, तोही गेला.

“साहेब, मला काय ठाऊक!” मावशी म्हणाल्या. खरंही असेल. वजन मात्र जप्त झालं.