चवथीचा मेसेज कानाने ऐकला तर? इमोजी आणि हॅशटॅग किती, कुठे आणि कसे

चोपडे : चवथ जवळ आली की पेडण्यातल्या प्रत्येक वाड्यावरचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. माटोळीचं सामान कुठे मिळतं, घुमट आरतीला कोण येणार, भजन कितीला, विसर्जन कधी, सगळं तिथंच. गेल्या वर्षी चोपड्यातल्या एका ग्रुपवर विसर्जनाची वेळ बदलल्याचा मेसेज आला. शापोरा नदीच्या भरती-ओहोटीप्रमाणे वेळ पुढेमागे होते, त्यात नवल नाही. पण आमच्या शेजारचे काका जुन्याच वेळेला तयार होऊन दारात बसले होते. त्यांना दिसत नाही. फोन त्यांना मेसेज वाचून दाखवतो. "मेसेज आला होता ना?" असं विचारलं तर म्हणाले, "आला रे. पण तो नुसती फुलं आणि हात मोजत होता. शेवटपर्यंत कोण ऐकणार?"

तो मेसेज साधारण असा होता :

```
🌺🌺🙏🙏🙏✨✨ चवथीच्या हार्दिक शुभेच्छा ✨✨🙏🙏🙏🌺🌺
👉👉 विसर्जन ⏰ ४ 👉 ५:३० 🚩🚩
#ganpatibappamorya #chopdechichavath #विसर्जनसोहळा
```

डोळ्यांना यात काही खटकत नाही. सण आहे, रंग हवाच. पण काकांच्या फोनने काय ऐकवलं ते बघू.

फोन इमोजी 'बघत' नाही, त्याचं नाव वाचतो

अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक', आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आणि संगणकावर 'एनव्हीडीए' ही पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आहेत. त्यांना इंग्रजीत स्क्रीन रीडर म्हणतात. प्रत्येक इमोजीला एक ठरलेलं नाव असतं. इमोजी कुठली असावी हे ठरवणारी युनिकोड ही संस्थाच वेगवेगळ्या भाषांतल्या या नावांची यादी ठेवते. स्क्रीन रीडर साधारण त्या यादीतलं नाव उच्चारतो. फोन इंग्रजीत असेल तर 🙏 म्हणजे 'फोल्डेड हँड्स', 🌺 म्हणजे 'हिबिस्कस', ✨ म्हणजे 'स्पार्कल्स'. फोन मराठीत असेल तर मराठी नाव येऊ शकतं. कोणता आवाज निवडलाय त्यावर ते अवलंबून आहे.

आता वरच्या मेसेजची पहिली ओळ घ्या. शुभेच्छांच्या आधी ७ आणि नंतर ७, अशी १४ चिन्हं. दुसऱ्या ओळीत आणखी ६. एका नावाला एक सेकंद धरला तरी २० सेकंद फक्त चिन्हांचे. काही स्क्रीन रीडर एकच चिन्ह ओळीने आलं तर मोजून सांगतात, काही प्रत्येक वेळी नाव घेतात. समोरच्याकडे कुठला आहे हे पाठवणाऱ्याला कळत नाही. म्हणून तो प्रत्येक वेळी नाव घेतो, असंच धरून चालावं.

हातांचा रंग बदलून पाठवला तर नाव आणखी लांबतं. 🙏🏽 याचं वाचन 'फोल्डेड हँड्स, मीडियम स्किन टोन' असं होतं. साध्या पिवळ्या हाताला ही शेपूट नसते.

खरी गडबड दुसऱ्या ओळीत

सजावटीची चिन्हं कंटाळा आणतात, पण शब्दाच्या जागी घातलेलं चिन्ह अर्थच बिघडवतं. "विसर्जन ⏰ ४ 👉 ५:३०" हे पाठवणाऱ्याच्या मनात होतं : वेळ ४ ची होती, ती आता ५:३० झाली. ऐकणाऱ्याला ऐकू आलं : विसर्जन, अलार्म क्लॉक, चार, बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट, पाच तीस. म्हणजे ४ ते ५:३० चालणार? की ४ ऐवजी ५:३०? आणि खरं सांगायचं तर डोळस माणसालाही इथं दोन अर्थ लागतात. "बदलली" हा एक शब्द वाचवायला गेलो आणि मेसेजचं कामच राहिलं.

गणपतीचं चिन्ह इमोजीत नाही, म्हणून बरेच जण 🐘 टाकतात. "आमच्या घरच्या 🐘 दर्शनाला या" हे ऐकणाऱ्याला 'एलिफंट दर्शनाला या' असं जातं. घुमटाचं चिन्हही नाही. 🥁 टाकलं तर 'ड्रम' म्हणून वाचलं जातं, आणि घुमट आरती ऐकायला येणाऱ्याला ड्रम म्हणजे काय कळायचं? दिव्याचं चिन्ह 🪔 मात्र २०१९ च्या यादीपासून आहे आणि त्याचं नावही 'दिया लॅम्प' असंच आहे. तरी जुन्या फोनवर नवं चिन्ह नुसता चौकोन दिसतो, हे लक्षात ठेवावं.

म्हणून पहिला नियम असा की इमोजी काढून टाकली तरी वाक्य पूर्ण राहिलं पाहिजे. दुसरा, इमोजी वाक्याच्या शेवटी, मध्ये नाही. शेवटी असली तर ऐकणारा काम झाल्यावर पुढे सरकतो. आणि तिसरा, एक किंवा दोन पुरे. काकाही मुलीला 🙏 पाठवतातच. चिन्हाला त्यांची हरकत नाही, ढिगाला आहे.

हॅशटॅग : इंग्रजीत मोठं अक्षर, मराठीत खालची रेघ

हॅशटॅगमध्ये जागा सोडता येत नाही, म्हणून शब्द चिकटतात. `#ganpatibappamorya` हे स्क्रीन रीडरला एकच लांबलचक अनोळखी शब्द वाटतो आणि तो काहीतरी भलतंच उच्चारतो. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं केलं, म्हणजे `#GanpatiBappaMorya`, तर बहुतेक वेळा शब्द सुटे वाचले जातात. शोधात दोन्ही सारखेच धरले जातात, त्यामुळे यात तोटा काही नाही.

चिकटलेले शब्द डोळसांनाही फसवतात. एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर गेल्या, तेव्हा `#nowthatchersdead` हा हॅशटॅग फिरला. कित्येकांनी तो 'नाऊ दॅट शेर्स डेड' असा वाचला आणि शेर ही गायिका गेली असं समजून हळहळले. एन, टी आणि डी मोठे असते तर घोटाळा झाला नसता.

मराठीची अडचण वेगळी. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं. `#विसर्जनसोहळा` मध्ये कुठं तोडायचं हे अक्षरावरून सांगायची सोय नाही. इथं खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर कामी येतो : `#विसर्जन_सोहळा`. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स या तिन्हींवर ती हॅशटॅगमध्ये चालते. आडवी रेघ मात्र चालत नाही. `#विसर्जन-सोहळा` लिहिलं तर हॅशटॅग 'विसर्जन'पाशीच तुटतो. टाकल्यावर निळं किती झालं ते बघा. निळं अर्ध्यावर थांबलं तर टॅगही तिथंच थांबला. खालच्या रेघेची एक मर्यादा आहे : काही फोन तिला 'अंडरस्कोर' म्हणून उच्चारतात. म्हणून दोन शब्दांपुढे जाऊच नये. एका शब्दाचा टॅग सर्वात उत्तम.

आणि वाक्याच्या मध्ये टॅग पेरू नये. "`#चोपडे` गावात `#चवथ` उत्साहात `#साजरी`" हे ऐकताना दर दोन शब्दांनी 'हॅश' किंवा 'नंबर' ऐकू येतं. टॅग सगळे शेवटी, एका ओळीत, दोन-तीन. त्यातही गाव सांगताना तालुका जोडावा. जळगावात चोपडा आहे, चोपडे आडनावाचेही लोक आहेत. मुंबई, बेळगाव किंवा सावंतवाडीहून शोधणाऱ्या आपल्या माणसाला `#पेडणे` जास्त उपयोगी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गावच्या ग्रुपवर तर हॅशटॅग टाकून काहीच साधत नाही. तिथं तो वगळावा.

बॅनर : सर्वात मोठी भिंत

हे सगळं सांभाळूनही मजकूर फोटोतच छापला असेल तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मंडळाचा रंगीत बॅनर म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने फक्त 'फोटो'. फोटोतली अक्षरं ओळखायची सोय काही फोनमध्ये आहे, पण नक्षीदार मराठी अक्षरांवर तिचा भरवसा धरू नये. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पोस्ट करताना 'ऑल्ट टेक्स्ट' नावाचा रकाना मिळतो, त्यात फोटोचं वर्णन लिहायचं. तो सेटिंगमध्ये थोडा आत असतो, म्हणून कुणी बघत नाही. वर्णन साधं असावं : "गणपतीच्या मूर्तीवर बांधलेली माटोळी, त्यात नारळ, सुपारीचे घोस, काकड्या आणि रानफळं." तिथं इमोजी नको, टॅगही नको. व्हॉट्सअ‍ॅपवर असा वेगळा रकाना नाही, म्हणून बॅनरवरची तारीख, वेळ आणि जागा खाली कॅप्शनमध्ये पुन्हा लिहायचीच.

तोच मेसेज, पुन्हा

आता सुरुवातीचा मेसेज नीट करून बघू. आधी काम, मग शुभेच्छा, मग एक चिन्ह.

```
विसर्जनाची वेळ बदलली आहे. ४ वाजता नाही, संध्याकाळी ५:३० ला.
चवथीच्या सर्वांना शुभेच्छा. 🙏
```

हाच मजकूर फेसबुकवर टाकायचा तर खाली एकच ओळ वाढेल : `#चवथ #पेडणे #GanpatiBappaMorya`. वेळ पहिल्याच ओळीत आल्याचा आणखी एक फायदा : लांब कॅप्शनची सुरुवातच पडद्यावर दिसते, बाकीचं 'मोअर'च्या मागे जातं. तिथं फुलं असतील तर वेळ लपते.

पाठवण्याआधी स्वतः ऐकून बघायचं असेल तर सोपं आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडा, अँड्रॉइडवर टॉकबॅक किंवा आयफोनवर व्हॉइसओव्हर सुरू करा आणि मेसेजवर बोट ठेवा. एक सूचना : हे सुरू असताना एकदा टेकवलं की फक्त वाचन होतं, उघडायला दोनदा टेकवावं लागतं. बंद करतानाही तसंच, नाहीतर फोन बिघडला असं वाटून घाबरायला होतं. मराठी आवाज बसवलेला नसेल तर देवनागरी मजकूर वगळलाही जाऊ शकतो. तेव्हा आधी भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घ्या. कोंकणी मेसेजही देवनागरीत असेल तर त्याच आवाजात बऱ्यापैकी समजतो.

२०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांसाठी पर्पल फेस्ट झाला, तेव्हा रॅम्प आणि सांकेतिक भाषेची चर्चा घरोघर झाली. वाड्यावरच्या ग्रुपला रॅम्प बांधायला लागत नाही. वेळ वर आणि फुलं खाली, एवढंच. यंदा मेसेज लिहिणाऱ्या मुलाने पाठवण्याआधी तो काकांच्या फोनवर ऐकवला. काका म्हणाले, "बरा आहे. आता साडेपाचला येतो, पण हात धरायला कोणीतरी पाठव."