वीज गेली तरी राहणारे चित्र

चिपळूणच्या घरी माजघराच्या दाराशेजारी मी आईसाठी एक फलक लावला आहे. वहीच्या पानापेक्षा थोडा लहान. बाहेरचे तापमान, पुढच्या काही तासांत पाऊस आहे का, आणि खोलीतले तापमान व आर्द्रता एवढेच त्यावर दिसते. त्याला वायर नाही, मागे एकच बॅटरी आहे. कपडे अंगणात घालायचे की पडवीत, हे आई सकाळी त्याच्याकडे पाहून ठरवते.

हा पडदा मोबाइलसारखा उजळत नाही. त्याला ई-पेपर म्हणतात; पुस्तके वाचायच्या किंडलमध्ये असतो तोच. त्यात केसाच्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येक कुपीत पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोन्हींवरचा विद्युतभार विरुद्ध, त्यामुळे विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे खाली जातात. दाब काढून घेतला तरी कण जागचे हलत नाहीत. म्हणजे वीज लागते ती चित्र बदलायला. बदललेले चित्र टिकवायला काहीच लागत नाही.

म्हणून बाकीच्या यंत्रालाही झोपवता येते. फलकामागे ईएसपी३२ नावाची वायफाय असलेली चिप आहे. ती तासाला एकदा जागी होते आणि आधी खोलीचे तापमान मोजते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण वायफाय सुरू झाले की चिप तापते आणि शेजारचा सेन्सर खोलीऐवजी तिचीच ऊब मोजू लागतो. मग ती ओपन-मेटिओ या मोफत सेवेकडून अंदाज घेते, पडदा रंगवते आणि गाढ झोपते. या सगळ्याला सुमारे १५ सेकंद लागतात.

हिशेब सोपा आहे. जागेपणी सरासरी १०० मिलीअँपिअर धरले, तर दिवसभरातल्या २४ जागरणांना मिळून १० मिलीअँपिअर-तास लागतात. झोपेतला खर्च अर्ध्या मिलीअँपिअर-तासाच्या आसपास. बॅटरीतून २००० मिळाले, तरी सहा महिने निघतात.

माझी पहिली बॅटरी मात्र आठ दिवसांत संपली. मल्टीमीटर बॅटरीच्या तारेत जोडला तेव्हा कळले की चिप झोपली तरी बोर्ड १० मिलीअँपिअर ओढत होता. चिपभोवतीचा लाल दिवा आणि विजेचा दाब स्थिर राखणारा भाग जागेच होते. दिवसाला २४० मिलीअँपिअर-तास नुसत्या झोपेत जात होते! असा फलक करणाऱ्याने चिपचा कागदावरचा आकडा न पाहता संपूर्ण बोर्ड झोपेत किती घेतो ते मोजावे. मी बॅटरीवर चालण्यासाठीच बनवलेला बोर्ड घेतला आणि हा प्रश्न मिटला.

मराठी अक्षरांनी वेगळाच त्रास दिला. अशा चिपसाठीचे नेहमीचे प्रोग्रॅम अक्षरे एकापुढे एक ठेवतात. जोडाक्षर बांधणे त्यांना येत नाही. ‘आर्द्रता’ या शब्दातला रफार आणि ‘द्र’ सुटे होऊन पडले. पण फलकावरचे शब्द ठरलेले आहेत, बदलतात ते आकडे. म्हणून पाऊस, ढगाळ, ऊन, आर्द्रता असे शब्द संगणकावर नीट जुळवले आणि त्यांची छोटी चित्रे चिपमध्ये भरून ठेवली.

सगळ्यात मोठी चूक पावसाळ्यात उघडी पडली. रात्री वीज गेली, राउटर बंद पडला. चिप जागी झाली आणि वायफाय शोधतच राहिली. सकाळपर्यंत बॅटरी रिकामी. पडद्यावर मात्र आदल्या संध्याकाळचे चित्र तसेच, ठसठशीत. आईने ते आजचे समजून कपडे अंगणात घातले आणि ते भिजले. “अरे, हा कालचंच सांगत होता, मला कसं कळणार?” तिचे म्हणणे खरे होते. बंद पडलेला मोबाइल काळा होतो, बंद पडलेला ई-पेपर चालू असल्यासारखाच दिसतो.

आता २० सेकंदांत वायफाय मिळाले नाही तर चिप नाद सोडते, फक्त खोलीचे आकडे बदलते आणि अंदाजाच्या जागी आडवी रेघ मारते. चित्र कधीचे आहे ती तारीख-वेळ वर मोठ्या आकड्यांत असते. आई आधी ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहते. बॅटरीचा दाब ३.४ व्होल्टच्या खाली गेला, की उरलेल्या विजेत चिप एक शेवटचे चित्र काढते आणि पुन्हा जागी होत नाही. त्यावर एवढेच लिहिलेले असते: ‘बॅटरी संपली’. मी गावी जाईपर्यंत, कितीही आठवडे लागोत, ते शब्द विजेविना तसेच राहतात.